‘नेहमी डोरोथियाच का?’

> निवेदक मध्येच वाचकाशी बोलू लागला की त्याचा अधिकार कमी होत नाही का?

जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीचं (१८७१-७२) २९वं प्रकरण काढून बघा. नायिका डोरोथियाबद्दलचं पहिलंच वाक्य निवेदक अर्ध्यावर तोडतो आणि विचारतो, दर वेळी तिचीच बाजू का? तोवर आपणही तिच्या बहिणीसारखंच, सीलियासारखंच, तिच्या नवऱ्याला, कॅसाबॉनला, मिचमिचे डोळे नि पांढऱ्या चामखिळी एवढ्यावर निकालात काढलेलं असतं. त्यामुळे उपरोधाचा रोख थेट आपल्यावर येतो. आणि अधिकार उलट वाढतो, कारण सहानुभूती एकाच बाजूला वाहत होती हे निवेदक स्वतःच दाखवून देतो आणि मग कॅसाबॉनचं भुकेलं, कुडकुडतं मन उघडतो. मात्र त्याची कीव करतानाही त्याच्या कोतेपणावरचं बोट तो उचलत नाही. तो प्रश्न वगळून परिच्छेद वाचून पाहा, नुसतं पात्रवर्णन उरतं.