मदत हवी आहे: फोटोतल्या परिपथात ८ ओहम धरायचा की सोडायचा?

मुलीच्या दहावीच्या सराव वहीतल्या आकृतीचा फोटो टाकलाय. बॅटरी १२ व्होल्टची. ४ ओहमचा रोध एकसर, त्यापुढे ६ आणि १२ ओहम समांतर, मग ८ ओहम आणि परत बॅटरी.

समांतर जोडीचं सोपं आहे: १/६ + १/१२ = १/४, म्हणजे ४ ओहम. घोडं अडलंय ते ८ ओहमपाशी. त्याच्या डाव्या टोकापासून एक साधी तार वरून निघते आणि उजवीकडच्या तारेला छेदून पुढे व्होल्टमीटरकडे जाते. त्या छेदावर जोडणीचा ठिपका आहे की झेरॉक्सचा डाग, तेच कळत नाही. झूम केलं की नुसता काळा धब्बा!

ठिपका असेल तर ८ ओहमची दोन्ही टोकं तारेनेच जोडली गेली. विभवांतर शून्य, त्यातून धारा नाही; एकूण रोध ४ + ४ = ८ ओहम, धारा १.५ अँपिअर. ठिपका नसेल तर १६ ओहम आणि ०.७५ अँपिअर, कारण व्होल्टमीटरमधून जवळपास काहीच धारा जात नाही.

मागे उत्तर छापलेलं नाही. अशा आकृतीत नुसत्या छेदाला जोड मानायचं नाही, हा नियम बोर्डाच्या पेपरातही कटाक्षाने पाळतात का? शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.