मदत हवी आहे: कोलॅबवर चढवलेले फोटो कुठे उरतात?

नमस्कार मंडळी. बहिणीच्या लग्नाच्या एकमेव सामूहिक फोटोत वडिलांचे डोळे मिटलेले आहेत, म्हणून त्यांच्याच दुसऱ्या फोटोतला चेहरा तिथे बसवायचा आहे. परभणीतल्या माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नसल्याने मी मोफत गूगल कोलॅब वापरले. सत्र संपून आभासी संगणक गेला की `/content` मधले फोटोही जातात, हे ठाऊक आहे. परंतु सेलखाली दिसलेले चित्र नोटबुकच्या फाइलमध्येच जतन होऊन ड्राइव्हवर उरले, शिवाय आयत्या नोटबुकात `share=True` असल्याने दुवा मिळेल त्याला उघडता येईल असे पान तयार झाले होते. आउटपुट पुसल्यावरही आवृत्ती-इतिहासात चित्र राहते का? आणि कोलॅबच्या नियमांत डीपफेकला मनाई आहे. घरच्यांच्या संमतीने केलेला हा बदलही त्यात मोडतो का?