गोदावरी, गोदावरी आणि पुन्हा गोदावरी: तेच नाम किती वेळा लिहावे?

इंदिरानगरची आई: मुलगी सातवीत आहे. तिच्या निबंधात ही पाच वाक्ये आहेत: “गोदावरी नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते. गोदावरी नदी नाशिक शहरातून वाहते. गोदावरी नदीवर गंगापूर धरण बांधले आहे. गंगापूर धरणामुळे नाशिकला पाणी मिळते. गंगापूर धरण भरले की गोदावरी नदीला पूर येतो.” शाळेत “वाक्ये सुटसुटीत” असा शेरा मिळाला, पण मला हे वाचवत नाही. सर्वनामे घालून पाहिली तर असे झाले: “ती नाशिक शहरातून वाहते. तिच्यावर गंगापूर धरण बांधले आहे. त्यामुळे नाशिकला पाणी मिळते. ते भरले की तिला पूर येतो.” हेही बरे वाटत नाही. चुकते आहे कुठे?

कॉलेज रोडचा वाचक: सर्वनामांचीही गरज नाही. मराठीत क्रियापदच कर्ता सांगते. “येतो” म्हटले की पुरुष, “येते” म्हटले की बाई, हे लहान मुलालाही कळते, मग तो, ती, ते यांची रांग कशाला लावायची? कर्ता सरळ गाळावा. नाम आणि सर्वनाम दोन्ही प्रत्येक वाक्यात भरण्याची खोड इंग्रजी माध्यमातून आली आहे.

निवृत्त मुद्रितशोधक: क्रियापद कर्ता सांगते हे अर्धेच खरे आहे, उरलेले अर्धे भूतकाळात उघडे पडते. “दादा आणि ताई बाजारात गेले. भाजी घेतली. पिशवी विसरली.” यातील “विसरली” हे रूप ताईकडे बोट दाखवते, कारण विसरणारा दादा असता तर आपण “पिशवी विसरला” असे लिहिले असते. “घेतली” हे रूप मात्र भाजीचे लिंग दाखवते आणि घेणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही, कारण दादाने घेतली तरी भाजी “घेतली”च आणि ताईने घेतली तरी “घेतली”च. म्हणजे जेथे कर्त्याला “ने” लागतो तेथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, आणि तेथे कर्ता गाळायचा असेल तर तो मागच्या वाक्यातून एकटाच, स्पष्ट उभा असला पाहिजे. अपवाद समोरच्या माणसाचा. “भाजी घेतलीस का?” यातील शेवटचा “स” तू शब्दाचे काम करतो, म्हणून “तू” न लिहिताही काही अडत नाही.

आता निबंधाकडे येतो. इंदिरानगरच्या ताईंनी दुरुस्त केलेल्या उताऱ्यात खरा घोटाळा “ते भरले” येथे आहे. “ते” म्हणजे धरण असे आपल्याला वाटते, पण लगेच मागे “पाणी” आले आहे आणि तेही नपुंसकलिंगीच. वाचणारा क्षणभर पाण्याकडे जातो, अडखळतो आणि परत धरणाकडे येतो. कान खटकतो तो या हेलपाट्याने. “ती” आणि “तिला” यांना ही अडचण नाही, कारण त्या उताऱ्यात नदीशिवाय दुसरे स्त्रीलिंगी नाम नाही.

मी असे लिहीन: “गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिक शहरातून वाहत पुढे जाते. शहराच्या वरच्या अंगाला तिच्यावर गंगापूर धरण बांधले असून नाशिकला तेथून पाणी मिळते. धरण भरले आणि त्यातून पाणी सोडले की नदीला पूर येतो.” पहिल्या वाक्यात “आणि”नंतर कर्ता गाळला आहे, कारण दोन्ही क्रिया एकटीच्याच आहेत. दुसऱ्यात “तिच्यावर” पुरले. तिसऱ्यात “ते” आणि “तिला” टाळून नुसते “धरण” आणि नुसती “नदी” घेतली. पूर्ण नाव आणि सर्वनाम यांच्यामधली ही पायरी मुलांना कोणी दाखवतच नाही, म्हणून ती एक तर “गंगापूर धरण” लिहितात, नाहीतर “ते”.

सिडकोचा सभासद: आमच्या सोसायटीत याच कारणावरून दोन सभा वाया गेल्या. इतिवृत्तात लिहिले होते: “अध्यक्षांनी सचिवांना हिशेब सादर करण्यास सांगितले. त्यांनी मुदत मागितली. त्यांनी ती नाकारली.” अध्यक्षा बाई आहेत आणि सचिव पुरुष, तरीही आदरार्थी “त्यांनी” दोघांनाही लागू पडते. पुढे सचिव म्हणू लागले की मुदत आपल्याला मिळालीच होती. सर्वनाम हवे असे म्हणणाऱ्यांनी यावर उत्तर द्यावे.

कॉलेज रोडचा वाचक: एकेरीत “त्याने” आणि “तिने” लिहिले असते तर प्रश्नच आला नसता.

सिडकोचा सभासद: अध्यक्षांना “तिने” लिहून आपण पुढच्या सभेला येऊन दाखवा.

दस्तलेखक: तीस वर्षे खरेदीखते लिहितो आहे. आमच्याकडे “लिहून देणार” आणि “लिहून घेणार” हे शब्द प्रत्येक वाक्यात पुन्हा येतात, आणि ते मुद्दाम आणलेले असतात. “त्यांनी रक्कम दिली, त्यांना ती पोचली” असे लिहिले तर उद्या कोर्टात दोन्ही पक्ष “त्यांनी” आपल्याकडे ओढतील. मुलीला शाळेपासूनच नाम स्पष्ट लिहिण्याची सवय लागत असेल तर ती मोडू नये, असे माझे मत आहे. कंटाळवाणे वाक्य परवडते, पण दोन अर्थांचे वाक्य परवडत नाही.

निवृत्त मुद्रितशोधक: खरेदीखताबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. ते कागद कोणी सलग वाचत नाही. वाद झाला की मधलेच एक कलम उघडतात, आणि त्या कलमाला एकट्याने उभे राहावे लागते. निबंध मात्र वरून खाली वाचला जातो आणि प्रत्येक वाक्याला मागच्याचा आधार असतो. त्यात दर वेळी पूर्ण नाव आले की आता नवी, दुसरी गोष्ट सुरू झाली असे वाटू लागते. इतिवृत्ताबाबत मात्र मी सभासदांच्या बाजूचा आहे. तेथे “सचिवांनी मुदत मागितली, ती अध्यक्षांनी नाकारली” असेच हवे. त्यातही “ती” टिकते हे पाहावे, कारण मुदतीखेरीज तिचा दुसरा अर्थ लागत नाही.

गंगापूर रोडची शिक्षिका: “मी” शब्दाचा अतिरेक हा माझ्या वर्गातला खरा प्रश्न आहे. “मी सकाळी उठतो. मी दात घासतो. मी शाळेत जातो.” हे मी रोज लाल शाईने खोडते.

निवृत्त मुद्रितशोधक: विषय थोडा वेगळा आहे, पण खोडताना एक पाहा. “सकाळी उठतो, दात घासतो” हे मुलगा स्वतःविषयी सांगतो की भावाविषयी, हे रूपावरून कळत नाही, कारण “मी उठतो” आणि “तो उठतो” यांचे क्रियापद एकच आहे. म्हणून पहिला “मी” ठेवावा आणि पुढचे खोडावेत. “उठून, दात घासून शाळेत जातो” असे जोडले तर तेही करावे लागत नाही.

सिडकोचा सभासद: मग आमच्या इतिवृत्तातल्या या वाक्याचे काय करावे? “सचिव म्हणाले की आपण हिशेब तपासलेला नाही.” लिहिणारा म्हणतो, “आपण” म्हणजे सचिव स्वतः. अध्यक्ष म्हणतात, हा आरोप त्यांच्यावर आहे. दोन सभासदांना वाटले की सगळ्यांनाच बोलले.

दस्तलेखक: “सचिवांनी सांगितले की सचिवांनी हिशेब तपासलेला नाही” असे लिहा आणि मोकळे व्हा.

निवृत्त मुद्रितशोधक: तसे लिहिले तर दोन सचिव आहेत असे वाटेल. बोलणाऱ्याने स्वतःला उद्देशून “आपण” म्हणणे जुन्या लिखाणात रुळलेले आहे आणि मला ते आवडते, पण तिघांनी तीन अर्थ काढले असतील तर ते वापरा असे मी सांगू शकत नाही. “हिशेब तपासला नसल्याचे सचिवांनी मान्य केले” हे चालेल, फक्त सचिवांना “मान्य केले” चालणार आहे का ते आधी विचारा.

इंदिरानगरची आई: मुलीने उतारा पुन्हा लिहिला. “तिच्यावर” आणि “नदी” दोन्ही आले. शेवटच्या वाक्यात मात्र “धरण भरले की ते सोडतात” असे लिहिले आहे, आणि “ते कोण?” असे विचारल्यावर म्हणाली, “पाणी सोडणारे लोक.”