चेहऱ्यावर काहीही न लावता दिवसभर पाहिले, तेव्हा त्वचा कोणती निघाली? आपापले अनुभव सांगा

अबोली (ठाणे)

गेली नऊ वर्षे मी माझी त्वचा तेलकट समजत होते, आणि त्याला आधार एवढाच होता की कॉलेजात असताना मैत्रिणीने दिलेल्या फेसवॉशच्या नळीवर तसे छापलेले होते. नाक चमकायचे, त्यामुळे कधी शंकाही आली नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी मात्र घरीच राहून चेहऱ्याची नोंद ठेवली.

सकाळी सातला कमी फेसाच्या, सौम्य फेसवॉशने कोमट पाण्यात एकदाच चेहरा धुतला, पंचाने न घासता टिपला आणि त्यानंतर क्रीम, पावडर, अगदी गुलाबपाणीसुद्धा लावले नाही. साडेसातला हसताना गाल ओढल्यासारखे वाटत होते. कपाळाला तसे काही जाणवत नव्हते. नऊपर्यंत गालांचा ताण कमी झाला, पण गेला नाही. अकराला नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक दिसू लागली. एक वाजता साध्या टिश्यू पेपरचे चार तुकडे करून कपाळ, नाक, हनुवटी आणि गाल यांवर एकेक तुकडा दहा सेकंद दाबून धरला, नुसता दाबला, पुसले नाही. खिडकीच्या उजेडात पाहिले तर नाकाच्या तुकड्यावर ठळक पारदर्शक डाग होता, कपाळाच्या तुकड्यावर भुवयांच्या मधल्या जागेचे चार-दोन ठिपके होते आणि गालाचा तुकडा अगदी कोरा होता. पाच वाजताही तेच दिसले. वर गालावर बारीक पापुद्रेही आले होते.

म्हणजे त्वचा मिश्र, आणि गाल तर सरळ कोरडे. नाकाच्या अपराधाची शिक्षा मी नऊ वर्षे गालांना देत होते. आपण असे करून पाहिले असेल तर कृपया वेळेसह लिहावे.

खारावारा (रत्नागिरी)

मला हे सगळे फार लांबण वाटते. दुपारी बाराला आरशात पाहावे. चेहरा चमकला तर तेलकट, नाही तर कोरडा. आमच्याकडे मे महिन्यात माझ्या घरातील पाचही जणांचे चेहरे चमकतात, त्या अर्थी पाचही जण तेलकट त्वचेचे आहोत. कागद लावला तर तोही भिजून निघतो.

निरगुडी (छत्रपती संभाजीनगर)

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. खारावारा, दुपारची वेळ आपण बरोबर निवडली आहे, कारण धुतलेल्या चेहऱ्यावर तेल हळूहळू परतते आणि बहुतेकांत ते मध्यान्हीच्या सुमारास अधिक सुटते. पहिल्या तासात कागद लावला तर तो जवळजवळ सर्वांचाच कोरा निघेल. परंतु किनाऱ्यावरच्या मे महिन्यात जी चमक दिसते तिच्यात घाम किती आणि तेल किती, हे आरसा सांगू शकत नाही. कागद सांगतो, फक्त तो लगेच वाचू नये. टिपलेला तुकडा ताटलीत पंधरा-वीस मिनिटे उघडा ठेवावा. घामाचा डाग वाळून जातो आणि तेलाचा राहतो, जसा भजी काढलेल्या कागदावर दुसऱ्या दिवशीही राहतो. शक्य असल्यास पंख्याखाली अर्धा तास बसून मगच टिपावे.

दुसरी चूक सकाळच्या ताणाबद्दल होते. अंगाचा नेहमीचा साबण बहुधा क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १०, तर त्वचेचा पृष्ठभाग साधारण ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळे साबणाने धुतल्यावर तेलकट त्वचासुद्धा ओढते. काही न लावता तासा-दोन तासांत ताण आपोआप गेला, तर तो साबणाचा परिणाम होता असे समजावे. दुपारपर्यंत टिकला, शिवाय कागद कोरा निघाला, तरच कोरडेपणाचा संशय घ्यावा. अबोलीताईंच्या नोंदीत दोन्ही गोष्टी आहेत, म्हणून त्यांचा निष्कर्ष मला पटतो.

दगडीपाटी (सोलापूर)

माझे असे मत आहे की चेहरा जितका धुवावा तितके तेल अधिक सुटते, कारण त्वचा गेलेले तेल भरून काढते. मी दिवसातून चार वेळा धूत असे. दोनवर आणले आणि दुपारची चमक कमी झाली. मग एका दिवसाच्या नोंदीवर विश्वास कसा ठेवावा? आधी आठवडाभर सवय बदलायला हवी.

निरगुडी

आठवडाभर थांबण्याचा सल्ला चांगला आहे, विशेषतः मुरमांसाठी रेटिनॉइडचे क्रीम लावणाऱ्यांना, कारण त्याने आलेला कोरडेपणा हा त्वचेचा मूळ प्रकार नव्हे. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध नोंदीसाठी स्वतःहून बंद करू नये. कारणाबद्दल माझे मत वेगळे आहे. तेलग्रंथी मुख्यतः संप्रेरकांच्या हुकमाने चालतात. पृष्ठभागावर तेल किती उरले हे पाहून त्या वेग वाढवतात, याला भक्कम पुरावा मला आढळलेला नाही. वारंवार धुण्याने त्वचा चिडते, हे मात्र खरे.

दगडीपाटी

पुरावा नसेल, परंतु माझा टॉवेल साक्षीला आहे.

मोरपंखी (नाशिक)

मला लेझरच्या केंद्रात ‘आपली त्वचा पाचव्या प्रकारची’ असे सांगितले होते. कागदाच्या नोंदीत पाचवा प्रकार कसा ओळखायचा? माझा रंग सावळा आहे आणि उन्हात लगेच काळवंडतो.

निरगुडी

मोरपंखीताई, ती फिट्झपॅट्रिक यांची १९७५ पासूनची प्रतवारी आहे. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते, यावर ती बेतलेली आहे आणि तेलाशी तिचा संबंध नाही. पाचव्या प्रकारची त्वचा कोरडीही असू शकते आणि तेलकटही. कागद आपणही लावून पाहावा.

सांजसावली (कोल्हापूर)

माझे वय ५४. तिशीत माझ्या नाकावरून पावडर घसरायची, आणि त्याच समजुतीवर मी आजतागायत तेलकट त्वचेचे फेसवॉश घेत आले. पाळी थांबून तीन वर्षे झाली. परवा नोंद केली तर दुपारी दोनलाही चारही तुकडे कोरे होते आणि ताण संध्याकाळपर्यंत गेला नाही. त्वचा बदलली, पण माझी खरेदी बदलली नव्हती.

वेताळटेकडी (पुणे)

माझ्या नाकाच्या कडांना आणि भुवयांत कोंड्यासारखे पापुद्रे येतात, म्हणून मी त्वचा कोरडी समजून खोबरेल चोळत होतो. कागदावर मात्र त्याच जागी सर्वांत मोठे डाग उमटले. जागा लालसर होती व खाजतही होती. डॉक्टरांनी पाहताक्षणी सेबोऱ्हिक डर्मटायटिस सांगितले. तेलकट जागीच होणारा विकार. पापुद्रे दिसले की कोरडी त्वचा, हे समीकरण माझ्यापुरते तरी साफ चुकले.

हिमगंगा (एडमंटन, कॅनडा)

मी दोनदा नोंद केली. जुलैत कपाळ आणि नाक दोन्ही तेलकट, ताण अजिबात नाही. जानेवारीत घर चोवीस तास तापवलेले असताना कपाळाच्या कागदावर डाग होताच, परंतु तेच कपाळ ओढतही होते. तेल आहे आणि ताणही आहे, याला कोणता प्रकार म्हणायचे?

निरगुडी

तेल कमी असणे आणि पाणी कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापवलेल्या घरातली कोरडी हवा पाणी ओढून घेते. ग्रंथी त्यामुळे थांबत नाहीत. मी याला तेलकट त्वचेतली पाण्याची तूट म्हणेन. माझे काही सहकारी मात्र ऋतूनुसार प्रकारच बदलला असे लिहितात.

खारावारा

ताटलीचा प्रयोग केला. पाच जणांचे वीस तुकडे पंख्याखाली ठेवले. अर्ध्या तासाने डाग उरला तो माझ्या आणि धाकट्या मुलाच्या नाकाच्या व कपाळाच्या तुकड्यांवर. पत्नीचे चारही कोरे, आणि तिला तेल काढणारा फेसवॉश मीच आणून दिला होता. आईच्या गालाच्या तुकड्यावरही डाग आहे, पण तिने सकाळी गुपचूप खोबरेल लावले होते असे आता कळते. तिचा पुढच्या रविवारी पुन्हा करू.