अनुभव धागा : सहावीचा तास, अन्नजाळं आणि पत्त्यांचा डाव

मास्तरीणबाई
काल पोरीच्या वहीत अन्नसाखळीची आकृती पाहिली. वाघाकडून चितळाकडे बाण, चितळाकडून गवताकडे बाण. "खातो तर वाघच ना, मग सुरुवात त्याच्यापासूनच," असं तिचं म्हणणं. ते ऐकून आमचा जुना डाव आठवला. नागपुरात सहावीला विज्ञान शिकवायचे तेव्हाचा.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते केले होते. पाच पोरांच्या गटाला 30 पत्ते: 12 झाडझाडोऱ्याचे (गवताचे जास्त, मग मोह, बोर, बांबू, तूर), 9 पाला-दाणा खाणारे, 5 लहान शिकारी, 2 मोठे शिकारी, 2 वाळवी-बुरशी. हातात पाच-पाच, बाकीचे गड्डीत. अस्वल कशात बसवायचं यावर आधी स्टाफरूममध्येच वाद. शेवटी लहान शिकाऱ्यांत ढकललं.

पहिला नियम होता, मांडलेल्या साखळीच्या टोकालाच पत्ता लावायचा. गवत, नाकतोडा, बेडूक, धामण, सर्पगरुड. झालं, डाव बंद! वर कोणी नाही, खाली कोणी नाही, आणि चितळवाला पोरगा हातात पत्ता घेऊन बसलेला. तो म्हणाला, "बाई, गवत तर चितळपण खातो, मधेच लावू?" लाव म्हटलं. तिथून नियम बदलला: टेबलावरच्या कुठल्याही पत्त्याशी जोडा, प्रत्येक खऱ्या बाणाला एक गुण. बाण खडूने काढायचा आणि काढताना मोठ्याने म्हणायचं, "गवत चितळाच्या पोटात." पोट ज्याचं, टोक त्याच्याकडे. उलटा बाण काढला की तोंडातून "वाघ चितळाच्या पोटात" निघायचं आणि अख्खा गट हसायचा.

गंमत पुढे. आधी सगळ्यांना वाघ हवा असायचा. गुणांचा नियम आल्यावर अस्वलावरून भांडणं, कारण मोहाची फुलं, बोरं, वाळवी सगळ्यांचे बाण त्याच्याकडे. वाघाला मोजके. गवत आलं म्हणून रुसलेली पोरगी तर शेवटी पहिली आली.

तुमचेही लिहा. शिक्षक नसलात तरी चालेल.

धरमपेठी
पत्ते?? शाळेत?? आमच्या वेळी दप्तरात पत्ते सापडले की थेट वडिलांना बोलावणं.

मास्तरीणबाई
आलं होतं ना एका पालकांचं पत्र. "मुलांना जुगार शिकवता." त्यांनाच वर्गात बसवलं, दिवड कोण खातं यावर पोराशी भांडत होते.

महालचा पोट्टा
मले नेहमी वाळवी भेटे बाप्पा. तिले लावाचं कुठं तेच समजत नव्हतं. शेवटी टाकून देऊ गड्डीत.

जंगलवाटा
टाकून द्यायचा पत्ता नाही रे तो. सुक्या लाकडापासून वाळवीकडे बाण, वाळवीपासून अस्वलाकडे. पोरं तिला "शेवटचा पत्ता" समजतात ते पुस्तकातल्या चित्रामुळे. ती जाळ्याच्या टोकाला नाही, मधोमध असते.

मी पेंचकडच्या शिबिरांत हाच डाव चिंचोक्यांवर घ्यायचो. गवताची दहा पोरं, प्रत्येकाकडे 10 चिंचोके, म्हणजे 100. चितळ सगळे गोळा करतो, पण त्यातले 10 ठेवून 90 डब्यात टाकायचे. वाघ आला की त्या 10 मधला 1 त्याच्याकडे, 9 डब्यात. एका वाघाच्या हातात एकच चिंचोका! दुसऱ्या वाघाने हात पुढे केला की पोरांना कळतं, आणखी 100 चं गवत लागणार.

निशा
म्हणजे 90 वाया जातात?

जंगलवाटा
एका मुलीने हेच विचारलं होतं. तेव्हा डबे दोन केले. धावणं, श्वास, अंगातली ऊब यात गेलेले चिंचोके पहिल्या डब्यात, ते परत येत नाहीत. शेण, हाडं, न खाल्लेलं दुसऱ्यात, त्यावर वाळवी, शेणकिडे, बुरशी जगतात. आणि दहातला एक हा ढोबळ हिशेब आहे. कुठे कमी, कुठे जास्त. पोरांसाठी दहा सोपे म्हणून दहा.

किरण_नंदनवन
बरोबर! म्हणूनच एका वाघाला 500 हरणं लागतात आणि तो वर्षाला 50 खातो. दहा टक्के नियम.

जंगलवाटा
आकडे ठीक, नियम वेगळा. उल्लास कारंथांच्या अभ्यासातला तो अंदाज आहे: एक वाघ वर्षाला साधारण 50 मोठी जनावरं मारतो, आणि कळपातून साधारण दहावा भाग गेला तर तो भरून निघतो, म्हणून 500 चा कळप लागतो. ही डोकी मोजणं झालं. चिंचोके ऊर्जेचे. दोन्हीकडे दहा आला म्हणून एकच गोष्ट नाही होत.

किरण_नंदनवन
हम्म. पोराला तेच सांगितलंय मी. आज रात्री परत बसावं लागेल.

निशा
मी माझ्या वर्गात एक पत्ता काढायला लावते. एक गेला की सगळं जाळं कोसळतं, हे लगेच पटतं मुलांना.

मास्तरीणबाई
सगळं नाही कोसळत, निशा. आम्ही दोन गटांत एकच पत्ता काढला, बेडूक. एका गटात धामणीकडे उंदराचा आणि सरड्याचाही बाण होता. तिचा एक गुण गेला, धामण टिकली, सर्पगरुड टिकला. दुसऱ्या गटात उंदीर आणि सरडा दोन्ही अजून गड्डीत पडून होते, तिथे धामण गेली आणि तिच्यामागे गरुडही. पत्ता तोच, निकाल दोन. फळ्यावर लिहिण्याआधी मुलीच म्हणाल्या, "आमच्याकडे उंदीर नव्हता म्हणून मेले."

पण एक राहतंच. बेडूक गेल्यावर नाकतोडे वाढून गवत किती जाईल, ते पत्त्यांत दिसत नाही. पत्ता आहे किंवा नाही, एवढंच कळतं. किती आहे ते नाही.

काटोलवाला
मी शिक्षक नाही, संत्र्याची बाग आहे. मावा पाहून घाबरलो आणि फवारणीवर फवारणी मारली. माव्याबरोबर ढालकिडेही गेले. थोड्या दिवसांनी मावा परत, ढालकिडे कुठेच नाहीत. मावा झपाट्याने वाढतो, त्याला खाणारे हळू. हे पत्त्यात कसं दाखवाल?

मास्तरीणबाई
हा भारी आहे! माव्याचे चार पत्ते, ढालकिड्याचा एक, आणि फवारणी पडली की सगळे बाहेर. पुढच्या प्रत्येक फेरीला गड्डीतून मावा दोन परत घ्यायचे, ढालकिडा मात्र तीन फेऱ्यांनंतर. कोणी करून पाहा ना.

धरमपेठी
श्रावणात मामाकडे रात्रभर मेंढीकोट चालायचा. मामी दर तासाला भजी घेऊन यायची. आता पोरं मोबाईलवर.

महालचा पोट्टा
भजी कोणाच्या पोटात, बाण काढा काकाजी 😄

निशा
सूर्याचा पत्ता ठेवला होता का? आमच्या मुख्याध्यापिका म्हणतात सूर्याशिवाय साखळी अपुरी.

मास्तरीणबाई
नव्हता ठेवला. सूर्याला कोणी खात नाही, मग "सूर्य गवताच्या पोटात" म्हणायचं कसं? पोरं तर म्हणायला तयार होती.

जंगलवाटा
मी मधे दिवा ठेवायचो, पत्ता नाही. पण तुमच्या बाईंचंही चूक नाही, ऊर्जा तिथूनच येते. दोन्ही चालतं.

निशा
मला नाही पटत दोन्ही. मुलं परीक्षेत काय लिहितील?

किरण_नंदनवन
बुरशीचा पत्ता मात्र मला अजून कळला नाही. तिला सगळ्यांकडून बाण, मग सगळ्यात जास्त गुण तिलाच नाही का मिळणार?

मास्तरीणबाई
मिळायचे. म्हणून शेवटी-शेवटी सगळे बुरशीवर टपलेले असायचे. त्यावर तोडगा काढायच्या आत वर्ष संपलं.

काटोलवाला
पत्ते लॅमिनेट करायला सीताबर्डीत किती घेतात? भाच्याच्या वर्गासाठी एक संच करतो म्हणतो.

धरमपेठी
लॅमिनेशन कशाला, रुंद चिकटपट्टी लावा दोन्ही बाजूंनी. कोपरे गोल कापा फक्त, नाहीतर पावसाळ्यात सुटतात.