मदत हवी आहे: पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलची चुकीची विधानं ओळखायची कशी?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोमवारी स्टॅटचा पेपर. गणितं सुटतात, पण ‘बरोबर विधान ओळखा’ आलं की हमखास मार्क जातात. सराव पेपरातला हा प्रश्न बघा.

निफाडच्या एका द्राक्षबागेतून रँडम पद्धतीने ३६ घड घेतले. सरासरी वजन ४१२ ग्रॅम. बागेतल्या घडांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६० ग्रॅम (दिलेलं). ९५% इंटरव्हल ३९२.४ ते ४३१.६. नल हायपोथेसिस: बागेची सरासरी ४०० ग्रॅम. दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू ०.२३.

अ) बागेची सरासरी ३९२.४ ते ४३१.६ मध्ये असण्याची शक्यता ९५% आहे.
ब) बागेतल्या ९५% घडांचं वजन या दोन आकड्यांच्या मध्ये आहे.
क) नल हायपोथेसिस खरं असण्याची शक्यता २३% आहे.
ड) बागेची सरासरी खरंच ४०० असेल, तर ३६ घडांच्या सॅम्पलमध्ये १२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त फरक, कुठल्याही बाजूला, साधारण २३% वेळा दिसेल.

मी अ आणि क दोन्हींवर खूण केली. उत्तरसूचीत फक्त ड. का?

लॅबवाली_ताई
मला तर ब बरोबर वाटतंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनची नॉर्मल रेंज छापतो, ती ९५% निरोगी लोकांचीच असते ना?

जुना_स्टॅटवाला
ताई, तुमची रेंज एकेका माणसाची, हा इंटरव्हल सरासरीचा. इथे ६० ला ३६ च्या वर्गमुळाने भागून १० आले आणि ४१२ च्या दोन्ही बाजूंना १९.६ घेतले. एकेका घडासाठी ६० च घ्यावे लागतील. वजनं नॉर्मल धरली तर ९५% घड साधारण २९४ ते ५३० ग्रॅममध्ये पडतील. ३६ ऐवजी ३६०० घड मोजले तर इंटरव्हल दोन-दोन ग्रॅमवर येईल, पण बागेतले घड काही एकसारखे होणार नाहीत.

सिडको_बॉय
अरे सोपं आहे. सरासरी एक ठरलेला आकडा, ती हलत नाही, म्हणून अ चूक. इंटरव्हलचा अर्थ एवढाच की पुन्हा ३६ घड तोडले तर त्यांची सरासरी ९५% वेळा याच पट्ट्यात येणार. आणि पी ०.०५ पेक्षा मोठी, म्हणजे ४०० सिद्ध झालं.

जुना_स्टॅटवाला
पहिलं वाक्य अगदी बरोबर, पुढची दोन नाहीत. बागेची सरासरी आपल्याला माहीत नसली तरी जागेवर आहे. दर वेळी नवे घड घेतले की हलतो तो पट्टा. असे शंभर पट्टे काढले तर साधारण ९५ पट्ट्यांत ती सापडेल. ९५% हा आकडा पट्टा काढण्याच्या पद्धतीचा आहे, हातात आलेल्या एका पट्ट्याचा नाही. पुढच्या सॅम्पलची सरासरी याच पट्ट्यात पडण्याचं प्रमाण तर सरासरी ८३% च्या आसपास निघतं, कारण आपलं ४१२ सुद्धा खऱ्या सरासरीपासून सरकलेलं असतं.

‘सिद्ध झालं’ म्हणत असाल तर ४०० ऐवजी ४२५ धरून बघा. पी ०.१९ येते. मग ४२५ पण सिद्ध? दोन्ही एकदम खरे कसे असतील? एवढंच म्हणता येतं की या ३६ घडांवरून ४०० नाकारता येत नाही.

गंगापूररोडकर, क मध्ये गफलत अशी: ०.२३ हा आकडा नल खरं धरूनच काढलाय. जे धरून चाललो, त्याच्या खरेपणाची शक्यता त्यातून कशी मिळेल? ड मध्ये दोन गोष्टी बघ: ‘खरंच ४०० असेल, तर’ आणि ‘किंवा त्याहून जास्त’. पेपर काढणारे बहुतेक वेळा यातलंच एक गाळतात.

गंगापूररोडकर
आत्ता कळलं! मग ‘हा फरक योगायोगाने आला असण्याची शक्यता २३%’ हे पण चूक?

जुना_स्टॅटवाला
चूक. ‘फक्त योगायोग’ म्हणजे नल खरं. क नेच कपडे बदललेत.

पंचवटी_एमएस्सी
पण सर, बायेशियन पद्धतीने आधीची माहिती धरून इंटरव्हल काढला तर अ सारखं वाक्य चालतं.

जुना_स्टॅटवाला
चालतं, पण तो इंटरव्हल वेगळा. या प्रश्नात तसं काही दिलेलं नाही.

गंगापूररोडकर
शेवटचं: ‘सरासरी या पट्ट्यात आहे अशी आम्हाला ९५% खात्री आहे’ असं आलं तर?

सिडको_बॉय
आमच्या मॅडम बरोबर धरायच्या.

पंचवटी_एमएस्सी
आमच्या सरांनी त्याच वाक्याला मार्क कापले होते. ‘खात्री’ म्हणजे शक्यताच ना, असं त्यांचं म्हणणं.

जुना_स्टॅटवाला
मी स्वतः ते बरोबर धरतो, पण शेजारच्या पर्यायात पद्धतीचं वाक्य असेल तर तेच निवड. तुमच्याकडे पेपर कोण काढतं त्यावर आहे. उद्याच विचारून घे.