मदत हवी आहे: १२ वर्षं भरलेली एन्डोमेंट पॉलिसी मोडावी की चालू ठेवावी?

औसा_रोडवाला

नमस्कार मंडळी. लातूरकडचा आहे, शेती आणि जोडीला छोटं स्पेअर पार्टचं दुकान. मार्च २०१४ ला नात्यातल्याच एका एजंटानं गळ्यात मारलेली एन्डोमेंट पॉलिसी आहे, ५ लाखाची, मुदत २१ वर्षं, म्हणजे २०३५ ला मॅच्युअर. वर्षाला २५ हजार हप्ता (टॅक्स वेगळा लागायचा). १२ हप्ते भरून झाले, म्हणजे ३ लाख. तेरावा २८ मार्चला आहे.

गेल्या सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन शेतातच सडलं ते तुम्हाला सांगायला नको. त्यात एकाकडून हातउसने १ लाख ८० हजार घेतलेत, शेकडा दोननं. महिन्याला ३६०० नुसतं व्याज जातंय, मुद्दल तिथंच.

शाखेत जाऊन सरेंडरचा आकडा काढला तर २ लाख ६८ हजार म्हणाले. ३ लाख भरून २.६८! डोकंच सटकलं. तोच एजंट आता म्हणतो जुनी मोडा दाजी, नवीन चांगला प्लॅन आलाय त्यात टाकू. बायको म्हणते एवढी वर्षं भरली तर आता कशाला मोडता, पोरीच्या लग्नाला होईल. वय ४१, दोन लेकरं, दुसरा विमा कुठलाच नाही, वर्षापूर्वी शुगर निघालीय, गोळी चालू आहे. काय करावं काही कळंना.

कट्ट्यावरचा_हिशेबी

भाऊ आजच्या आज मोडा. असल्या पॉलिसीत जेमतेम पाच-साडेपाच टक्के पडतात, मी माझीच काढून बघितली होती. विमा वेगळा आणि गुंतवणूक वेगळी, हे एकदा डोक्यात बसलं की झालं. टर्म घ्या, उरलेले एसआयपीत टाका, आणि त्या एजंटाचा फोन उचलू नका.

गोदाकाठची_ताई

माझं पण असंच झालंय, प्लीज कुणीतरी सांगा. बँकेत एफडी करायला गेले तर तिथल्या मॅडमनं दुसरंच काहीतरी दिलं, वर्षाला ५० हजार, पाच वर्षं काढता येत नाही म्हणतात, त्यात युनिट की काय असतात. मला अजून तीनच वर्षं झालीत. मी पण सरेंडर करू का?

कट्ट्यावरचा_हिशेबी

ताई तुमचं युलिप आहे, ते वेगळं प्रकरण. पाच वर्षांच्या आत बंद केलं तरी पैसे पाच वर्षं झाल्यावरच मिळतात. वेगळा धागा काढा, इथं दादांचं राहून जाईल.

निवृत्त_विमावाला

मी बावीस वर्षं विमा शाखेत क्लेम आणि सरेंडरच्या टेबलावर काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हिशेबी साहेबांचे साडेपाच टक्के साधारण बरोबर आहेत, पण ते २०१४ ला सही करायच्या आधी बघायचे होते. भरलेले तीन लाख आता गेले, ते परत येत नाहीत, मोडली तरी आणि ठेवली तरी. आज तुमच्या हातात आहे ती २ लाख ६८ हजाराची वस्तू. ती आज विकायची, की तिच्यात अजून नऊ हप्ते घालून २०३५ ला जे येईल ते घ्यायचं, एवढंच बघायचं.

२०३५ ला काय येईल ते काढू. अशा पॉलिसीत दरवर्षी हजारी काहीतरी बोनस जाहीर होतो आणि तो विमा रकमेवर साध्या पद्धतीनं साचत जातो. बोनसवर बोनस मिळत नाही. दादा, तुमच्या शाखेनं आजवरचा जमा बोनस किती सांगितला?

औसा_रोडवाला

२ लाख ७० हजार लिहून दिलंय कागदावर. मला वाटलं हे २.७० आणि वर सरेंडरचे २.६८ असे दोन्ही मिळणार, शाखेतून निघताना उड्या मारत होतो, मग गेटवर वॉचमननंच समजावलं.

निवृत्त_विमावाला

हा गैरसमज रोज एकाला तरी व्हायचा, वॉचमन सगळं ऐकून ऐकून तयार होतात. तो बोनस २०३५ ला किंवा मृत्यूनंतर मिळायचा आहे. आज मागितला तर कंपनी त्याची कापून कापून आजची किंमत लावते, ती २.६८ मध्येच धरलेली आहे.

२.७० भागिले १२, म्हणजे वर्षाला २२,५००, हजारी ४५. हाच दर राहिला तर २१ वर्षांचा बोनस ४ लाख ७२ हजार ५००, अधिक विमा रक्कम ५ लाख, एकूण ९ लाख ७२ हजार ५००. शेवटी जादा बोनस मिळू शकतो, पण तो मी धरत नाही, कारण तो त्या वर्षीच ठरतो.

आता आज २ लाख ६८ हजार आणि पुढे दरवर्षी २५ हजार असे नऊ वेळा दुसरीकडं टाकले, तर २०३५ ला ९.७२ लाख व्हायला किती टक्के पाहिजेत? एक्सेलमध्ये हे टाका:

```
=RATE(9,-25000,-268000,972500,1)
```

साडेनऊ टक्के येतात. जन्मापासून धरलं तर सव्वापाच-साडेपाच, आणि आजपासून पुढं साडेनऊ. कारण कापाकापी सुरुवातीच्या वर्षांत झाली, त्याचा चटका तुम्ही सोसून झालाय. तुमचा हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत आहे, म्हणून मॅच्युरिटीवर टॅक्स पण नाही. बोनस घसरून हजारी ३५ झाला तरी हिशेब नऊच्या जरा खाली येतो. एफडीत आज एवढं कोण देतंय?

हेच पॉलिसी तिसऱ्या-चौथ्या वर्षात असती तर मीच मोडा म्हणालो असतो.

कट्ट्यावरचा_हिशेबी

हे मी असं बघितलं नव्हतं, मान्य. पण बोनस हमीचा नाही, आणि म्युच्युअल फंडात बारा टक्के मिळतात.

निवृत्त_विमावाला

मिळतात किंवा मिळत नाहीत. बोनसची हमी नाही म्हणता ना, मग फंडाला तोच नियम लावा. शिवाय माणूस शेतकरी आहे, एका वर्षी पाऊस फिरला की एसआयपी आधी बंद पडते. मधला रस्ताही आहे, हप्ता बंद करून पेड-अप करायची. मग विमा रक्कम २१ पैकी १२ हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे २ लाख ८५ हजार ७१४ राहते, जमा बोनस तसाच टिकतो, नवा बोनस बंद. २०३५ ला ५ लाख ५५ हजार. एक रुपया न घालता २.६८ चे ५.५५ होतात, म्हणजे साधारण ८.४ टक्के.

बीडचं_पाव्हणं

साहेब सगळं बरोबर, पण तुम्ही एफडीशी तुलना करून राहिलात अन् माणसाच्या उरावर सावकार बसलाय. शेकडा दोन म्हंजे वर्षाला २४ टक्के! साडेनऊचं झाड जगवायला चोवीसचं विष पेरायचं का? माझ्या चुलत्यानं असंच केलं, पॉलिसी धरून बसला अन् दोन एकर गेलं.

निवृत्त_विमावाला

पाव्हणं, हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं. सावकाराचं सगळ्यात आधी फेडायचं, त्यात दुमत नाही. पण त्यासाठी मोडायची गरज नाही, पॉलिसीवर कर्ज मिळतं. चालू पॉलिसीवर सरेंडर किमतीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे २ लाख ४० हजाराच्या आसपास. व्याज साडेनऊ धरा, नक्की दर शाखेत विचारा. १ लाख ८० हजारावर वर्षाचं व्याज १७ हजार १००, सावकाराचं आज ४३ हजार २००. वाचले २६ हजार, त्यात तुमचा हप्ता बसतो. अर्ज, मूळ बॉन्ड, बँक खात्याचा पुरावा एवढंच लागतं, बॉन्ड कर्ज फिटेपर्यंत कंपनीकडं राहतो.

कट्ट्यावरचा_हिशेबी

पण काका, साडेनऊनं वाढणाऱ्या वस्तूवर साडेनऊनंच कर्ज काढलं तर त्या १.८० पुरता फायदा शून्य. मोडली तर सावकार फिटून वर ८८ हजार हातात राहतात आणि हप्त्याची कटकट पण नाही.

निवृत्त_विमावाला

बरोबर पकडलंत. कर्ज काढून पॉलिसी चालू ठेवण्यात मोठी कमाई नाही. फरक कव्हरचा आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर चालू पॉलिसीत घरच्यांना ५ लाख अधिक जमा बोनस, म्हणजे आज ७.७० लाख, त्यातून कर्ज आणि थकलेलं व्याज वजा. मोडली तर शून्य. आणि शुगरवाल्याला टर्म मिळतेच असं नाही, मिळाली तरी जादा प्रीमियम लावू शकतात, एचबीए१सी बघून ठरवतात. म्हणून मोडायचीच असेल तर आधी टर्मचा अर्ज करा, त्यात शुगर लपवू नका, पॉलिसी हातात आल्यावरच ही मोडा. लपवलेल्या शुगरपायी अडकलेले क्लेम मी डोळ्यानं बघितलेत.

दुसरं, कर्ज काढल्यावर हप्ता थांबवू नका. चालू पॉलिसीची किंमत दरवर्षी वाढत राहते. पेड-अप करून वर कर्जाचं व्याज पण थकवलं तर एक दिवस कर्ज किमतीच्या पुढं जातं आणि कंपनी पॉलिसीच बंद करून वळती करून घेते. सरेंडरला आलेले अर्धे लोक असेच आलेले असायचे, त्यांना वाटायचं अजून पैसे मिळतील.

औसा_रोडवाला

मनापासून आभार काका. तूर चांगली आहे, पण ती घरात येईपर्यंत काही बोलत नाही. एक विचारायचं राहिलं, एजंट म्हणतो ही मोडून नवीन घेतली तर बोनस जास्त.

निवृत्त_विमावाला

नव्या पॉलिसीचं पहिल्या वर्षाचं कमिशन त्याला सगळ्यात जास्त मिळतं. तुमच्या तेराव्या हप्त्यावर त्याचं काय राहिलंय? नवी घेतलीत तर सोसून संपलेली ती कापाकापी परत पहिल्यापासून सोसा. नाही म्हणा, नातं टिकवून म्हणा.

गोदाकाठची_ताई

२२ सप्टेंबर २०२५ पासून विम्यावरचा जीएसटी काढलाय ना? दादांचा हप्ता पण कमी येईल मग.

निवृत्त_विमावाला

हो, चांगलं आठवलंत. सव्वादोन टक्के लागायचे, म्हणजे २५ हजारावर साडेपाचशेच्या वर. मार्चची नोटीस बघून घ्या, टॅक्स लावलेला दिसला तर शाखेत विचारा.

बीडचं_पाव्हणं

औसेकर, सावकाराला फेडताना चिठ्ठी परत घ्या बरंका. अन् कोऱ्या कागदावर सही केली असंल तर तो कागद पण.

औसा_रोडवाला

केलीय. तोच घोळ आहे. सोमवारी कर्जाचा फॉर्म आणायला जातोय. बायकोला आकडे दाखवले, ती म्हणते मी तेच म्हणत होते. शुगरची टेस्ट अजून केली नाही, रिपोर्ट बघून टर्मचं ठरवू.